क्षितिजावरचे 55 पिक्सेल

शिवडीच्या एका इमारतीच्या बाराव्या मजल्यावरून पूर्वेकडे काय दिसतं, ते चित्रात दाखवायचं काम सध्या माझ्याकडे आहे. इमारत अजून उभी राहायची आहे. आर्किटेक्टने बाल्कनी, रेलिंग, लाकडी फळ्यांची जमीन, कुंड्या असं सगळं पाठवलेलं आहे. समोरची चिखलाची खाजण, अटल सेतूचा जवळचा भाग आणि खाडीचं पाणी मी ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये उभं केलं. आणि त्यापलीकडे काहीच नव्हतं. पाणी जिथे संपलं तिथे आकाश सुरू झालं, मधली रेघ पट्टीने आखल्यासारखी.

अशी रिकामी रेघ चित्राला लगेच खोटं पाडते. बाल्कनीतल्या कुंडीच्या मातीवर कितीही मेहनत घ्या, पाहणाऱ्याची नजर त्या रेघेवर जाते आणि ही जागा कुठलीच नाही हे तिला कळतं. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर तर अशी रेघ जवळजवळ कुठेच नाही. पश्चिमेला, वरळीला किंवा मरीन ड्राइव्हला, अरबी समुद्राची रिकामी रेघ खरीच आहे आणि तिच्यात काही घालणं हाच खोटेपणा होईल. पूर्वेला मात्र पाणी हा फक्त मधला तुकडा आहे. त्याच्या पलीकडे घारापुरी आहे, उलवे-बेलापूरच्या इमारती आहेत आणि हवा बरी असेल तेव्हा प्रबळगड आणि माथेरानही आहेत. हे सगळं त्या रेघेवर कसं बसवायचं, त्याबद्दल लिहायचं आहे, कारण यातला बराचसा भाग चित्रकलेचा वाटतो आणि निघतो मोजमापाचा.

आधी त्या रेघेबद्दलच. संगणकातली जमीन किंवा पाणी म्हणजे एक सपाट चौकोन असतो आणि तो कुठेतरी संपतो. कॅमेरा जमिनीपासून 40 मीटर उंच आहे आणि पाणी दोन किलोमीटरवर संपतंय असं समजा. 40 भागिले 2000, म्हणजे पाण्याची कड डोळ्याच्या पातळीच्या साधारण एक अंशापेक्षा थोडी जास्त खाली राहणार. माझं चित्र 3840 पिक्सेल रुंद आहे आणि लेन्स 35 मिलिमीटरची, सेन्सर 36 मिलिमीटरचा. 35 भागिले 36, गुणिले 3840 केलं की 3733 हा आकडा मिळतो. चौकटीच्या मध्याजवळ कुठल्याही वस्तूची उंची भागिले तिचं अंतर, याला 3733 ने गुणलं की ती वस्तू किती पिक्सेलची दिसेल ते कळतं. या हिशोबाने ती दोन किलोमीटरवरची कड डोळ्याच्या पातळीच्या 75 पिक्सेल खाली येते. मधल्या 75 पिक्सेलांच्या पट्टीत, सगळ्या दृश्याभोवती जो आकाशाचा गोल असतो त्याचा खालचा अर्धा भाग डोकावत राहतो: कधी करडा, कधी काळा, आणि आकाश फोटोचं असेल तर युरोपातल्या कुठल्यातरी शेताचं गवत.

ही पट्टी झाकायची म्हणून पुष्कळ जण डोंगर उंच करतात. डोंगर खाली ओढून पाण्याच्या कडेपर्यंत आणले, की ते आपोआप वरही वाढवावे लागतात, नाहीतर बुटके दिसतात. मग चित्रात शिवडीसमोर हिमालय उभा राहतो. खरा उपाय म्हणजे पाणीच लांब न्यायचं. चौकोन वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत वाढवला की कड डोळ्याच्या पातळीच्या जेमतेम सहा-सात पिक्सेल खाली येते आणि ती जागा पलीकडच्या किनाऱ्याने भरून निघते. एवढं केल्यावर डोंगर अचानक गायब झाले तर घाबरायचं नाही. कॅमेऱ्याच्या `Clip End` मध्ये लहान आकडा राहिलेला असतो, त्यापलीकडचं काही कॅमेरा दाखवत नाही. तो 60 किलोमीटरवर नेला की झालं.

आता मुख्य प्रश्न: डोंगर किती उंच?

माथेरानची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर. शिवडीहून सरळ रेषेत ते 43 किलोमीटरवर आहे. माझा डोळा 40 मीटरवर, म्हणजे माझ्या पातळीच्या वर उरले 760 मीटर. पण एवढ्या अंतरावर पृथ्वीचा बाक मध्ये येतो. 43 किलोमीटरवरची समुद्रसपाटी माझ्या इथल्या सपाटीपेक्षा खाली वळलेली असते, आणि हवेतून येताना प्रकाश किंचित वाकतो म्हणून ती थोडी कमी खाली वळल्यासारखी भासते. दोन्ही मिळून नेहमीच्या हवेसाठी एक सोपा आकडा वापरतात: किलोमीटरमधल्या अंतराचा वर्ग गुणिले 0.068, उत्तर मीटरमध्ये. 43 चा वर्ग 1849, म्हणून 126 मीटर. तेवढं माथेरान पृथ्वीने गिळलं. उरले 634 मीटर.

```
px = 3733 * (H - e - 0.068 * d * d) / (1000 * d)
```

यात `H` म्हणजे डोंगराची उंची मीटरमध्ये, `e` डोळ्याची, `d` अंतर किलोमीटरमध्ये. उत्तर येतं 55 पिक्सेल. पृथ्वीचा बाक विसरलो असतो तर 66 आलं असतं. 2160 पिक्सेल उंचीच्या चित्रात, ज्या डोंगरावर चढायला नेरळहून झुकझुक गाडी दोन तासांहून अधिक वेळ घेते, तो 55 पिक्सेल. हा आकडा पहिल्यांदा समोर येतो तेव्हा कुणाचाही विश्वास बसत नाही. आपल्या आठवणीत डोंगर मोठे असतात, कारण त्यांच्याकडे बघताना आपण बाकी काही बघत नाही.

आता घारापुरी. बेटावरची टेकडी 160-170 मीटरची, शिवडीपासून साडेआठ किलोमीटरवर धरू. पृथ्वीचा बाक इथे फक्त पाच मीटर खातो. 165 वजा 40 वजा 5, म्हणजे 120 मीटर, भागिले 8500, गुणिले 3733. उत्तर 53.

घारापुरी 53, माथेरान 55. अलीकडे थोडा उजवीकडे सरकून प्रबळगड आहे, सुमारे 700 मीटर उंच आणि साडेसदतीस किलोमीटरवर. त्याचे येतात 56. तीन डोंगर, एक खाडीतलं बेट, एक गिर्यारोहकांचा किल्ला, एक थंड हवेचं ठिकाण, आणि तिघेही क्षितिजावर जवळजवळ एकाच उंचीचे. म्हणजे यातलं जवळचं कोण आणि लांबचं कोण, हे उंची मुळीच सांगत नाही. सांगतात दोनच गोष्टी: कडेचा आकार आणि हवा. मला या सगळ्या कामात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. नवशिक्या माणसाचा सगळा जीव डोंगराच्या आकारमानात अडकतो, आणि खरं काम असतं त्याच्या रंगात.

आकाराकडे आधी जाऊ. बाजारात तयार डोंगररांगा मिळतात, पारदर्शक पार्श्वभूमीच्या लांबलचक पट्ट्या. त्यातल्या बहुतेक आल्प्ससारख्या, टोकदार त्रिकोणांच्या. सह्याद्री असा नाही. तो लाव्हाच्या आडव्या थरांवर थर साचून झालेला आणि मग झिजलेला आहे. म्हणून त्याचा माथा सपाट, बाजूला कातळकडा एकदम खाली उतरणारा, मग उतार, मग पुन्हा एक कडा. पायरी-पायरीने तो खाली येतो. लांबून माथेरान टेबलासारखं दिसतं: लांब, जवळजवळ आडवी रेघ, दोन्ही टोकांना तुटलेली. चित्रात ते 55 पिक्सेल उंच, पण रुंदीला चारशेच्या पुढे. प्रबळगडही तसाच पठारी, आणि त्याच्या उत्तर अंगाला कलावंतिणीचा सुळका, मध्ये खोल खाच. शिवडीहून पूर्वेला बघताना उत्तर डावीकडे येते, म्हणून सुळका पठाराच्या डाव्या बाजूला हवा. पट्टी आरशासारखी उलटी करून वापरायची सवय असलेल्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं. मुंबईत प्रबळगड चढलेली माणसं इतकी आहेत की त्यातलं कुणीतरी चित्र बघणारच.

माझ्या बाबतीत तो बघणारा निघाला आमच्याच स्टुडिओत नवीन आलेला मुलगा. मी कच्ची पट्टी लावून ठेवली होती, फक्त जागा अडवायला. तो मागून जाता जाता थांबला.

"ताई, हे काय, मनाली का?"

"जागा धरून ठेवलीय रे. खरे डोंगर लावायचेत अजून."

"मग प्रबळची खाच काढा नक्की. ती दिसली की माणूस म्हणतो, हां, आपलंच आहे."

खरी कड मिळवायचा मार्ग अवघड नाही. फेब्रुवारी 2000 मध्ये अमेरिकेच्या एंडेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवस रडारने पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. ती माहिती एसआरटीएम या नावाने फुकट मिळते, साधारण दर तीस मीटरला एक उंची. एकेक अंशाचे चौकोन असतात. माथेरान आणि प्रबळगड `N18E073` मध्ये येतात, घारापुरी `N18E072` मध्ये. चौकोन आणून ब्लेंडरमध्ये उंचीनुसार उचलला की डोंगर आपोआप आपापल्या जागी उभे राहतात. फक्त पृथ्वीचा बाक त्यात नसतो, तो घालावा लागतो: प्रत्येक बिंदू त्याच्या अंतरानुसार त्या 0.068 च्या हिशोबाने खाली ढकलायचा.

तीस मीटरचा कण पुरतो का? 43 किलोमीटरवर तीस मीटर म्हणजे अडीच पिक्सेल. माथेरानसाठी भरपूर. साडेआठ किलोमीटरवर तेच तीस मीटर तेरा पिक्सेल होतात, म्हणून घारापुरीची कड ओबडधोबड, मातीच्या ढेकळासारखी येते. तिथे झाडांचे शेंडे वेगळे दिसायला हवेत. घारापुरीसाठी मी शिवडीच्या बाजूने काढलेल्या फोटोवरून कड हाताने आखते. कलावंतिणीचा सुळकाही या माहितीत बोथट होतो, कारण अरुंद टोक तीस मीटरच्या दोन मोजण्यांच्या मध्ये हरवतं. त्याला चार-पाच पिक्सेल हाताने वर ओढावं लागतं.

आणखी एक गंमत या माहितीत दडलेली आहे. ती 2000 सालची आहे. त्यात उलव्याची टेकडी अजून आहे, नव्वदएक मीटर उंच. नवी मुंबईच्या विमानतळासाठी ती टेकडी सपाट केली गेली. शिवडीहून साडेएकवीस किलोमीटरवर तिचे डोळ्याच्या पातळीवर तीनच पिक्सेल येत होते, माथेरानच्या पायथ्याशी. तीन पिक्सेल कुणाला दिसणार? पण मी ती पुसली. आजच्या बाल्कनीतून न दिसणारी टेकडी चित्रात ठेवायची नाही, एवढंच त्यामागचं कारण. आणि हेच दगडखाणींनी कुरतडलेल्या इतर टेकड्यांनाही लागू आहे: जुनी उंची घेऊन बसण्याआधी आजचा उपग्रहाचा फोटो एकदा बघावा.

इमारतींचं गणित डोंगरांपेक्षा जास्त चकित करणारं आहे. उलव्याच्या बाजूची 100 मीटर उंच, म्हणजे तीसेक मजल्यांची इमारत सतरा किलोमीटरवर धरा. तिचा माथा डोळ्याच्या पातळीच्या फक्त नऊ पिक्सेल वर येतो. पंचवीस मीटर रुंदीची असेल तर साडेपाच पिक्सेल रुंद. एक मजला एका पिक्सेलपेक्षाही कमी. तरीही लोक तयार मॉडेल आणून हजारो खिडक्यांच्या इमारती तिथे रांगेने लावतात. त्या खिडक्या चित्रात दिसत नाहीतच, उलट प्रत्येक पिक्सेलमध्ये अनेक खिडक्या कोंबल्यामुळे तिथे लुकलुक सुरू होते, व्हिडिओत तर विशेष. साध्या ठोकळ्यांनी काम होतं. लक्ष द्यायचं ते रचनेकडे. खऱ्या वस्तीत इमारती समान अंतरावर नसतात. एकाच बिल्डरच्या चार सारख्या इमारती चिकटून, मग मोठी फट, मग बुटक्यांचा झुपका, मध्येच एक अर्धवट बांधकाम आणि त्यावर क्रेन. क्रेनचा हात एक पिक्सेल जाडीचा असतो, पण आजच्या नवी मुंबईच्या बाजूची ती सर्वांत खरी खूण आहे.

इमारतींचा पाया कुठे टेकतो हेही बघायला हवं. सतरा किलोमीटरवरचा किनारा डोळ्याच्या पातळीच्या तेरा पिक्सेल खाली आहे आणि घारापुरीचा किनारा वीस पिक्सेल खाली. म्हणजे घारापुरीपासून पलीकडच्या किनाऱ्यापर्यंतची सगळी खाडी, साडेआठ किलोमीटर पाणी, सात पिक्सेलांत मावते. बेट आणि शहर एकाच रेघेवर टेकवली की दोन्ही एकाच किनाऱ्यावर आहेत असं वाटतं. बेट त्या सात पिक्सेलांनी खाली आलं की लगेच ते पाण्यात जाऊन बसतं. तरंगणारा डोंगर ओळखायची खूणही हीच आहे: त्याचा पायथा ज्या रेघेवर आहे, ती रेघ त्याच्या अंतराशी जुळते का ते बघायचं.

आता हवा. डोंगर फिके करायचे हे सगळ्यांना माहीत असतं. किती फिके, हे माहीत नसतं. त्यासाठी कोश्मीडर या जर्मन शास्त्रज्ञाने 1924 मध्ये मांडलेला नियम आजही वापरतात. लांबच्या वस्तूचा तिच्या मागच्या आकाशाशी असलेला रंगातला फरक अंतरागणिक ठरावीक प्रमाणात घटत जातो. फरक दोन टक्क्यांवर आला की वस्तू दिसेनाशी होते, आणि त्या अंतराला दृश्यमानता म्हणायचं. दृश्यमानता `V` किलोमीटर असेल तर:

```
t = exp(-3.912 * d / V)
color = hill * t + sky * (1 - t)
```

`t` म्हणजे डोंगराचा स्वतःचा रंग किती उरला. बाकीची जागा क्षितिजाजवळच्या आकाशाचा रंग घेतो. शब्दशः तोच रंग, त्याच दिशेला, क्षितिजाच्या लगेच वरून उचललेला. इथे बरेच जण मनातला निळा रंग वापरतात आणि डोंगर पोस्टरमधले होतात. आपल्याकडे क्षितिजाजवळचं आकाश बहुतेक वेळा निळं नसतंच. ते दुधी, करडं किंवा मळकट पिवळसर असतं. डोंगर निळा दिसतो तो हवा स्वच्छ असताना आणि त्याची बाजू सावलीत असताना.

आकडे घालून बघू. मुंबईच्या हिवाळ्यातली एक साधी दुपार, दृश्यमानता 20 किलोमीटर. ही उदार धरली आहे, जानेवारीत अनेकदा ती याहून पुष्कळ कमी असते. घारापुरीचा रंग उरतो 19 टक्के, उलव्याच्या इमारतींचा साडेतीन टक्के, आणि माथेरानचा हजारात एक भागसुद्धा नाही. माथेरान नाहीच. पाऊस नुकताच थांबलाय, हवा धुतलेली आहे, दृश्यमानता 80 किलोमीटर: घारापुरी 66 टक्के, इमारती 44, प्रबळगड 16, माथेरान 12. आता सगळे आहेत आणि प्रत्येक आपापल्या मागे आहे. प्रबळ आणि माथेरान यांच्यातला चार टक्क्यांचा फरक बघायला अगदी थोडा आहे, पण तोच दोन रांगा वेगळ्या करतो. तो चुकून पुसला गेला तर प्रबळची खाच माथेरानच्या अंगावर पडते आणि कुणालाच दिसत नाही.

म्हणजे डोंगर लावण्याआधी ठरवायचं ते तारीख आणि वेळ. आर्किटेक्टला मी हेच विचारलं. बाई चटकन म्हणाल्या, "छान ऊन असू दे, डिसेंबरची सकाळ."

डिसेंबरच्या सकाळी शिवडीहून पूर्वेला बघणं म्हणजे सूर्याकडेच बघणं. त्या महिन्यात सूर्य आग्नेयेला उगवतो, घारापुरीच्या बाजूने. डोंगरांची आपल्याकडची बाजू पूर्ण सावलीत, समोरून येणारा प्रकाश धुरक्यात पसरलेला, सगळा पूर्व किनारा एक पांढरा पडदा. मी त्यांना तसं चित्र करून दाखवलं, दृश्यमानता आठ किलोमीटर धरून. घारापुरीचा रंग जेमतेम दीड टक्का उरला, म्हणजे बेट असूनही नसल्यासारखं, आणि बाकी काही नाही. आणि शेजारी सप्टेंबरअखेरची संध्याकाळ, साडेपाचची. सूर्य आपल्या मागे, पश्चिमेला. ऊन समोरून डोंगरांवर पडतं, कातळकड्यांच्या पायऱ्या उजळतात, मधल्या घळींत सावली भरते. पावसाने सगळं हिरवं झालेलं, हवा धुतलेली. त्यांनी दुसरं निवडलं. त्यांना डोंगर हवे होते, आणि डोंगर त्या दिवसांत खरोखर दिसतात. त्यामुळे बाल्कनीतल्या कुंड्यांवरचं ऊनही आता मागून, इमारतीवरून येतं आणि बाल्कनी सावलीत आहे. ते त्यांनी मान्य केलं. पुढे जानेवारीत घर घेणाऱ्याने विचारलं, डोंगर कुठे गेले, तर चित्राखाली महिना लिहिलेला असावा, हा आग्रह मी धरला आणि तो त्यांनी ऐकला याचा मला मनापासून आनंद आहे.

ब्लेंडरमधली प्रत्यक्ष मांडणी सांगते. हवेचा परिणाम `Mist` पासने आणता येतो, पण त्यातला उतार सरळ रेषेचा किंवा वर्गाचा असतो, वरच्या नियमासारखा घातांकी नसतो. चारच रांगा असतील तर मी प्रत्येक रांग वेगळी ठेवते आणि तिचा `t` हाताने लिहिते. डोंगराच्या पट्टीला `Emission` लावायचं, म्हणजे दृश्यातला सूर्य तिला पुन्हा उजळत नाही, आणि `Ray Visibility` मध्ये `Shadow` बंद करायचं, नाहीतर संध्याकाळचा खालचा सूर्य पट्टीची सावली कुठेतरी नको तिथे टाकतो. कडा जरा मऊ ठेवायच्या. 43 किलोमीटर हवेतून आलेली कड कात्रीने कापल्यासारखी नसते. एका पिक्सेलचा धूसरपणा पुरे, जास्त झाला तर डोंगर ढग होतो.

"डोंगर लहान वाटतात" ही तक्रार येतेच. आली. त्यावर पट्टी ताणून उंच करणं हा सगळ्यात वाईट उपाय आहे, कारण सह्याद्रीची ती आडवी, पायऱ्यांची कड ताणली की लगेच टोकदार होते आणि पुन्हा मनाली होते. डोंगर मोठे हवे असतील तर लेन्स बदलायची. 85 मिलिमीटरच्या लेन्सने माथेरान 55 वरून 134 पिक्सेलवर जातं आणि घारापुरीही त्याच प्रमाणात वाढते, बाल्कनीचा मात्र एकच कोपरा उरतो. मासिकांत सह्याद्रीचे जे भव्य फोटो दिसतात ते असेच लांब लेन्सने काढलेले असतात. आम्ही दोन चित्रं केली: एक पूर्ण बाल्कनीचं, डोंगर आहेत तेवढे. दुसरं रेलिंगच्या कोपऱ्यातून, लांब लेन्सचं.

मग त्यांना व्हिडिओ हवा झाला. बाल्कनीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, वीस मीटर चालत जाणारा कॅमेरा. स्थिर चित्रासाठी अनेक जण पट्ट्या जवळ आणून ठेवतात: दहापट जवळ आणि दहापट लहान, कोन तोच राहतो, चित्र हुबेहूब. लहान करताना केंद्र कॅमेरा असलं म्हणजे झालं. पण कॅमेरा हलला की ही युक्ती उघडी पडते. खरी घारापुरी वीस मीटरच्या चालण्यात नऊ पिक्सेल सरकते आणि माथेरान दोन पिक्सेलही नाही. 850 मीटरवर ठेवलेली घारापुरी 88 पिक्सेल सरकते आणि बेट बोटीसारखं चालू लागतं. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण त्याला डोंगर खेळण्यातले वाटू लागतात. म्हणून पट्ट्या पहिल्यापासून खऱ्या अंतरावरच ठेवायच्या. 43 किलोमीटर हे अंतर ब्लेंडरच्या अचूकतेला सहज झेपतं.

गेल्या आठवड्यात त्यांनी तेच चित्र तिसाव्या मजल्यावरून मागितलं. डोळा आता 90 मीटरवर. मला वाटलं होतं कॅमेरा वर न्यायचा आणि पाठवून द्यायचं, कारण सगळं खऱ्या अंतरावर खऱ्या उंचीचं आहे. तसंच केलंही. पण आकडे बघण्यासारखे आहेत. माथेरान 55 वरून 51 वर आलं, प्रबळही 56 वरून 51 वर. घारापुरी 53 वरून 31 वर घसरली आणि तिचा किनारा डोळ्याच्या पातळीच्या 42 पिक्सेल खाली गेला. बाराव्या मजल्यावर बेट ज्या मागच्या रांगांना झाकून होतं, त्या तिसाव्यावर त्याच्या डोक्यावरून वर आल्या. त्या बाजूला माझ्या चित्रात आधी काहीच नव्हतं, कारण बेटामागे काय आहे याची गरजच पडली नव्हती. आता तिथे कर्नाळ्याच्या बाजूची रांग, सुळक्यासकट, त्याच उंचीच्या माहितीतून आणून लावते आहे. तीस किलोमीटरच्या आसपास आहे, `t` 23 टक्के धरला आहे. सुळका इथेही बोथट आलाय, तो हाताने वर ओढायचा आहे.